दोऱ्याने घेतलेलं अंगठीचं माप दरवेळी का चुकतं आणि ते घरीच कसं पकडायचं

आर्णीच्या बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात काडेपेटीतून, पदराच्या गाठीतून, कधी तंबाखूच्या रिकाम्या पुडीतून दोरे येतात. कोणाचा साखरपुडा असतो, कोणाला गुरुजींनी पुष्कराज सांगितलेला असतो, कोणाची मुलगी पुण्याला नोकरीला असते आणि तिचं बोट काही इथे येऊ शकत नाही. दोरा काउंटरवर ठेवून म्हणतात, "भाऊ, एवढ्या मापाची करून द्या." त्यातल्या बऱ्याच अंगठ्या पंधरा दिवसांनी परत येतात. एक तर सांध्यातच अडकते, नाहीतर हात धुताना गळून पडते.

लोक म्हणतात दोऱ्याची पद्धतच भरवशाची नाही. ते मला पटत नाही. दोऱ्याने अर्ध्या नंबरापर्यंत बरोबर माप येतं. चुका ठरावीक जागी होतात आणि त्या घरच्या घरी सापडतात. त्यासाठी लागतं काय, तर शिलाईचा दोरा, बॉलपेन, ३० सेंटीमीटरची पट्टी, जुन्या कॅलेंडरचं एक पान आणि दहा रुपयांची तीन-चार नाणी. नाणी कशाला, ते पुढे येईलच.

आधी नंबराचा हिशेब, कारण तो सोपा आहे. आपल्याकडचा अंगठीचा नंबर म्हणजे अंगठीच्या आतल्या घेराचे मिलिमीटर वजा ४०. आतला घेर ५४ मिमी असेल तर १४ नंबर, ५८ असेल तर १८. एक नंबर वाढला की घेर साधारण १ मिलिमीटरने वाढतो आणि आरपारचं अंतर, म्हणजे व्यास, जेमतेम ०.३ मिलिमीटरने. याचाच अर्थ दोऱ्यात ३ मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर तीन नंबर चुकले. पट्टीवर ३ मिलिमीटर म्हणजे काहीच वाटत नाही, बोटात मात्र ते लगेच जाणवतात.

दोरा किती खोटं बोलतो, ते नाण्यावर पाहा

बोटाला दोरा गुंडाळला की तो कातडीच्या वर बसतो. दोऱ्याची लांबी मोजतो तेव्हा आपण बोटाचा घेर मोजत नाही, दोऱ्याच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा घेर मोजतो. ते वर्तुळ बोटापेक्षा दोऱ्याच्या जाडीएवढं मोठं असतं. हिशेब असा, की दोऱ्याची जाडी गुणिले ३.१४ एवढे मिलिमीटर फुकटचे वाढतात. शिलाईच्या बारीक दोऱ्याला अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतो, तो चालून जातो. पण पूजेचा लाल-पिवळा नाडा घेतला, आणि खेड्यात पटकन हाताला तोच लागतो, तर त्याची जाडी सहज १ मिलिमीटर भरते आणि मापात ३ मिलिमीटर चढतात. सुतळीचं तर विचारूच नका.

हे तपासायला दहाचं नाणं. दोन धातूंचं जे दहाचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, म्हणजे घेर ८४.८, सोयीसाठी ८५ धरा. (आमच्याकडे काही दुकानदार ही नाणी घ्यायला कुरकुर करतात, त्यामुळे घराघरात डब्यात पडून असतात. नाणं चलनात आहे, पण तो वाद वेगळा.) एका नाण्याच्या कडेवरून दोरा घसरतो, म्हणून तीन-चार नाणी एकावर एक ठेवून वरून-खालून चिकटपट्टी मारा. मग ज्या दोऱ्याने बोट मोजणार, तोच दोरा, जसा बोटाला गुंडाळाल तसाच, त्या नाण्यांना गुंडाळा आणि मोजा.

८५ ते ८५.५ आलं तर दोरा ठीक आहे. ८८ आलं तर हा दोरा ३ मिलिमीटर जास्त दाखवतो, आणि तेच ३ मिलिमीटर बोटाच्या मापातूनही वजा करायचे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नाणं बोटापेक्षा बरंच मोठं आहे, तरी वजाबाकी तेवढीच राहते, कारण जाडीमुळे होणारी वाढ वस्तूच्या मोठेपणावर अवलंबून नसते. बारीक बोटाला कमी आणि जाड बोटाला जास्त असं काही नाही.

पण मोजल्यावर ८५ पेक्षा कमी आलं, समजा ८२, तर मात्र बेरीज करून भागवू नका. तो दोरा ताणला जातो. गुंडाळताना ओढलात, पट्टीवर ठेवल्यावर तो आखडला. लोकर आणि नायलॉनचे दोरे असं हमखास करतात. ताण दरवेळी वेगळा पडतो, म्हणून त्यातून ठरावीक आकडा काढता येत नाही. दोराच बदला. शिलाई मशीनवरचा साधा सुती दोरा सगळ्यात बरा.

याच नाण्यावर पट्टीचीही परीक्षा होते. नाणं पट्टीवर ठेवा, बरोबर २७ दिसलं पाहिजे. शाळेच्या प्लास्टिकच्या पट्टीचा शून्य टोकाला नसतो, थोडा आत असतो, आणि टोक झिजलेलं असलं की दोन मिलिमीटर तिथेच जातात. म्हणून मी दोरा शून्यापासून न लावता १ सेंटीमीटरच्या रेघेपासून लावतो आणि शेवटी १० वजा करतो.

बोटाला दोरा कसा गुंडाळायचा

गाठ मारू नका. गाठीत दोरा किती गेला ते कळत नाही आणि गाठ आवळताना बोट आवळलं जातं. एकाच वेढ्यावरही थांबू नका. बारीक दोऱ्याचा एक वेढा मांसात रुततो, माप कमी येतं, आणि वर पेनच्या ठिपक्याची चूक पूर्णच्या पूर्ण मापात उतरते.

तीन वेढे द्या, शेजारी-शेजारी, एकावर एक न चढवता. ताण एवढाच, की दोरा कातडीला सगळीकडे टेकेल, पण कातडी दबून दोन्ही बाजूंनी फुगणार नाही. वेढे बोटाला काटकोनात हवेत, तिरके झाले की माप वाढतं. तिसरा वेढा पूर्ण होऊन दोरा जिथे सुरुवातीच्या टोकाशी येतो, तिथे दोन्ही दोऱ्यांवर एकदमच बॉलपेनचा ठिपका मारा. उलगडा, पट्टीवर सरळ ठेवा, ओढू नका. दोन ठिपक्यांतलं अंतर भागिले ३. पेन एक मिलिमीटर हललं असेल तरी भागून ती चूक तिसरा हिस्साच उरते. तीन वेढ्यांमुळे दाबही पसरतो आणि दोरा रुतत नाही. नाण्यांवरही तीनच वेढे द्या, म्हणजे तुलना सारख्याला सारखी होईल. तिथे २५५ च्या आसपास यायला हवं.

स्वतःच्या बोटाला स्वतः गुंडाळताना एकच हात मोकळा असतो, म्हणून दोरा आवळला जातो. दुसऱ्याकडून मोजून घ्या.

सांधा विसरला तर सगळं विसरलं

परत येणाऱ्या अंगठ्यांत मला सगळ्यात जास्त दिसते ती हीच चूक. बोटाच्या मुळाशी, जिथे अंगठी बसणार, तिथलं माप घेतात आणि मधला सांधा सोडून देतात. अंगठीला तो सांधा ओलांडूनच मुळाशी जायचं असतं. निंदण-खुरपण, कापूस वेचणं, विहिरीचं पाणी ओढणं यात आयुष्य गेलेल्या हातांचे सांधे मुळापेक्षा चांगलेच जाड असतात. शहरातल्या मुलीच्या बोटावर जो फरक १ मिलिमीटर असतो, तो आमच्या शेतकरणींच्या बोटावर ३-४ मिलिमीटर निघतो.

म्हणून माप दोन जागी घ्या, मुळाशी आणि सांध्याच्या सर्वांत जाड भागावर. दोन्हींत २ मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर मुळाच्या मापात एक मिळवा आणि थांबा. त्याहून जास्त असेल तर अंगठी दोन्हींच्या मधली लागते. पूर्ण सांध्याएवढी घेऊ नका. सांध्यावरची कातडी सैल असते, ती सरकते आणि दबते, त्यामुळे दोऱ्याने दिसतो त्यापेक्षा लहान घेर तिच्यावरून उतरतो. नेमका किती लहान, हे दोरा सांगू शकत नाही. ते काम कागदाचं.

गुळगुळीत कॅलेंडरच्या पानाची पट्टी कापा, जी अंगठी हवी तिच्याच रुंदीची. फार बारीक असेल तर निदान ४ मिलिमीटर ठेवा, नाहीतर फाटेल. पट्टीच्या एका टोकापासून ठरवलेल्या मापावर, समजा ५५ मिलिमीटरवर, रेघ मारा. टोक बरोबर त्या रेघेवर आणून सेलोटेपने चिकटवा. ही झाली १५ नंबरची कागदी अंगठी. अशीच ५६ आणि ५७ ची करा. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा वापरू नका, दोऱ्याच्या जाडीचा जो घोळ तोच तिथेही होतो, आतला घेर कमी पडतो.

आता घालून पाहा. कागद ताणत नाही, त्यामुळे तो सोन्यासारखाच वागतो. सांध्यावर थोडी अडून, जरा फिरवल्यावर जी आत जाते आणि काढतानाही तशीच जरा अडते, ती तुमची. सरळ सुरकन जाणारी सैल आहे. कागद फाटला किंवा टेप सुटला तर ती लहान आहे.

एका अंगठीची गोष्ट, आकड्यांसकट

घाटंजीकडच्या एका खेड्यातल्या वहिनींची अंगठी. दिराने मुंबईहून मागवून द्यायची ठरवली, ३ मिलिमीटर रुंदीची साधी सोन्याची. डिसेंबरात सकाळी उठल्या उठल्या दोरा घेतला, मुळाशी, एक वेढा, घट्ट गाठ. ५३ मिलिमीटर भरले, १३ नंबर सांगितला. अंगठी आली ती सांध्याच्या वर चढेना. "भाऊ, हे त अर्ध्यातच अडकून राह्यते," असं म्हणत ती माझ्यासमोर ठेवली. त्यांनी ती परत पाठवली आणि दुसऱ्या वेळी आधीचा अनुभव लक्षात ठेवून सांध्यावरून माप घेतलं, तेही पूजेच्या नाड्याने. ६० मिलिमीटर, म्हणजे २० नंबर. ती आली आणि भांडी घासताना बोटात गरागरा फिरू लागली.

तिसऱ्या वेळी आमच्या काउंटरवर बसून मोजलं. आधी नाणी. त्यांचा नाडा नाण्यांवर ८८ दाखवत होता, म्हणजे ३ मिलिमीटर जास्त. ते ६० खरे ५७ होते. मग शिलाईचा दोरा. नाण्यांवर तीन वेढ्यांचे २५६ आले, भागून ८५.३, म्हणजे अर्धा मिलिमीटर जास्त. बोटाच्या मुळाशी तीन वेढे १६३, भागून ५४.३, अर्धा वजा करून ५४ च्या जवळ. सांध्यावर तीन वेढे १७२, भागून ५७.३, अर्धा वजा करून ५७ च्या जवळ. नाड्याचं दुरुस्त केलेलं माप आणि हे माप जुळलं, तेव्हा खात्री पटली.

फरक ३ मिलिमीटर, म्हणून कागद. ५५ ची अंगठी सांध्यावर अडली, जोर दिल्यावर टेप सुटला. ५६ ची जरा फिरवल्यावर गेली, मुळाशी थोडी मोकळी बसली, पण हात खाली सोडून झटकला तरी पडली नाही. ५७ ची सरळ गेली आणि सरळच आली. १६ नंबर ठरला. मुळाच्या ५४ पेक्षा २ मिलिमीटर मोठी, पण व्यासात पाहिलं तर दोन्हींत पाऊण मिलिमीटरसुद्धा फरक नाही. सांधे जाड असलेल्या बोटात एवढी सैल अंगठी ठेवावीच लागते, आणि ती पडत नाही, कारण तिला अडवायला तोच सांधा आहे.

वेळ आणि हवामान

वहिनींच्या पहिल्या मापात आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे डिसेंबरची सकाळ. थंडीत बोटं आकसतात. उलट मे महिन्यात, अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा, दुपारी बोटं सुजल्यासारखी होतात. याने अर्धा ते एक नंबर सहज बदलतो. आमच्याकडची बरीच लग्नं उन्हाळ्यातच असतात, त्यामुळे माप थंडीत आणि अंगठी उन्हाळ्यात असा प्रकार नेहमी होतो. संध्याकाळी, शेतातून येऊन हातपाय धुऊन तासभर झाल्यावर मोजा. नुकतंच वेचणं किंवा कुदळीचं काम झालं असेल तर थांबा, आणि गरम पाण्याने अंघोळ झाल्या झाल्याही नको. थंडीत मोजलंच असेल आणि दोन नंबरांत मन डळमळत असेल तर मोठा घ्या.

डाव्या हाताचं माप घेऊन उजव्या हातासाठी अंगठी सांगू नका. ज्या हाताने काम होतं, त्याची बोटं थोडी जाड असतात.

नंबर सांगताना होणारे घोळ

माप बरोबर घेऊनही अंगठी चुकते ती इथे. अमेरिकेतला ७ नंबर म्हणजे आपला साधारण १४. परदेशातला नातेवाईक नुसता "सात" म्हणाला आणि इथे सात नंबरची केली, तर ती लहान मुलीच्या बोटात जाईल. दुसरा घोळ व्यासाचा. कोणी जुनी अंगठी पट्टीवर ठेवून आतला व्यास १७ मिलिमीटर मोजतं आणि १७ नंबर सांगतं. १७ ला ३.१४ ने गुणा, ५३.४ येतात, त्यातून ४० वजा केले की नंबर १३ निघतो. चार नंबरांचा फरक. जुन्या अंगठीवरून माप काढायला हरकत नाही, पण ती अंगठी गोल राहिलेली हवी. रोज वापरातली चपटी झालेली असते, म्हणून दोन दिशांनी व्यास मोजून सरासरी घ्या.

रुंद अंगठी असेल, ६ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, तर एक नंबर वाढवा. रुंद पट्टी जास्त मांस दाबते आणि त्याच घेरात घट्ट बसते. पुरुषांच्या अंगठ्यांत हे हटकून लागतं. कागदी अंगठी खऱ्या रुंदीची केली असेल तर ही वाढ त्यात आपोआप आलेलीच असते, पुन्हा वाढवू नका.

आणि एवढं करूनही चुकलं तर? साधी सोन्याची किंवा चांदीची अंगठी सोनार एखाद-दुसरा नंबर ताणून मोठी करतो. त्याहून जास्त हवी असेल तर कापून तुकडा घालून डाख द्यावा लागतो, सोनं वाढतं आणि त्याचे पैसे लागतात. लहान करायची तर कापून जोडायची. पण घेरभर खडे बसवलेली अंगठी मोठीही होत नाही आणि लहानही नाही, खडे निघतात. अशी अंगठी दोऱ्याच्या भरवशावर मागवू नका, तालुक्याला येऊन सोनाराकडच्या मापाच्या कड्या बोटात घालून बघा.

दुकानादुकानाच्या तक्त्यांत एखाद्या नंबराचा फरक असतो, म्हणून नुसता नंबर कधीच कळवू नका. निरोप असा पाठवा: "उजवा हात, करंगळीशेजारचं बोट. अंगठीचा आतला घेर ५६ मिमी, भारतीय १६ नंबर. पट्टीची रुंदी ३ मिमी. सांधा जाड आहे, कागदी अंगठी घालून पाहिली आहे." नंबर आणि मिलिमीटर जुळत नसतील तर पलीकडचा माणूस फोन करून विचारतो, आणि ते सोनं वितळवायच्या आधी होतं.